बिल आणि पीओच्या स्क्रीनशॉटची जुळवणी: प्रकल्प नोंदी

४ नोव्हेंबर २०२५

नाशिकमधल्या आमच्या अंबडच्या कारखान्यात इलेक्ट्रिकल पॅनेलच्या पत्र्याच्या पेट्या बनतात. नट-बोल्ट, पत्रा, पावडर, गॅस्केट असा माल सातपूर-सिन्नरकडून येतो, काही पुण्याहून. पुरवठादाराचे बिल गाडी गेटवर पोचायच्या आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडते, बहुतेकदा स्क्रीनशॉट म्हणून. आमचे पीओ, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरी, ज्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत त्यात अकाउंट्स विभागाला फक्त बघायची परवानगी आहे, एक्स्पोर्ट बंद. म्हणून पर्चेसवाले पीओच्या स्क्रीनचाही स्क्रीनशॉट काढूनच ग्रुपवर टाकतात. अकाउंट्सच्या ताई दोन चित्रे शेजारी ठेवतात आणि ओळ ओळ ताडून बघतात.

सॉफ्टवेअर बदला, एक्स्पोर्ट उघडून घ्या, हे सगळे बोलून झाले आहे. ते होईल तेव्हा होईल. तोपर्यंत मी एक छोटी स्क्रिप्ट लिहितो आहे: दोन चित्रे आत घालायची आणि ‘या ओळीत नग जास्त आहेत’ किंवा ‘या ओळीचा दर वेगळा आहे’ एवढे बाहेर यायला हवे. बिल मंजूर करणे हे या स्क्रिप्टचे काम नाही. ताईंनी आधी कोणत्या ओळीकडे बघायचे, एवढेच तिने सांगायचे.

६ नोव्हेंबर

चित्रातली अक्षरे वाचायला टेसरॅक्ट हे ओसीआर सॉफ्टवेअर घेतले. फुकट आहे आणि कारखान्यातल्याच संगणकावर चालते, दर बाहेर कुठे जात नाहीत.

स्क्रीनशॉट आणि स्कॅन केलेला कागद यांत फरक आहे. स्क्रीनशॉटमध्ये कागद वाकडा नसतो, सावली नसते, शिक्का आकड्यांवर आलेला नसतो. पण अक्षरे बारीक असतात. आमच्या पीओच्या स्क्रीनवर आकड्याची उंची दहा-बारा पिक्सेलच भरते, आणि टेसरॅक्टला साधारण वीस ते तीस पिक्सेल उंचीचे अक्षर मानवते. म्हणून चित्र आधी तिप्पट मोठे करून मगच वाचायला देतो. एवढ्यानेच बराच फरक पडला.

दुसरी गोष्ट तंत्राची नाही, सवयीची आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवले की चित्र दाबले जाते आणि दशांश टिंबाभोवती धूसर डाग येतात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले तर फाइल जशीच्या तशी येते. पर्चेसच्या दादांनी पुरवठादारांना तसा निरोप धाडला आहे. काही जण पाळतील, काही नाही, हे धरूनच पुढे जायचे.

१० नोव्हेंबर

आजचा दिवस टिंबात गेला.

318.50 हा दर 31850 असा वाचला गेला. टेसरॅक्ट प्रत्येक शब्दाबरोबर आपल्याला किती खात्री आहे तेही आकड्यात देते. इथे खात्री नव्वदच्या वर होती. आणि ते बरोबरच आहे, कारण 3, 1, 8, 5, 0 हे पाचही आकडे त्याने अचूक वाचलेत. जे टिंब त्याला दिसलेच नाही त्याबद्दल त्याला शंका कुठून येणार? म्हणजे ‘खात्री कमी असेल तर माणसाकडे पाठवा’ हा नियम नेमका सगळ्यात महाग चुकीला आंधळा आहे. ₹ चे चिन्ह कधी 7 तर कधी 2 होऊन आकड्याला पुढून चिकटते, तिथेही खात्री चांगलीच असते.

यावर उपाय बिलातच आहे. बिल काय किंवा पीओ काय, त्यातला प्रत्येक आकडा दुसऱ्या कशाशी तरी बांधलेला असतो. नग गुणिले दर म्हणजे रक्कम. सगळ्या रकमांची बेरीज म्हणजे करपात्र रक्कम. त्यावर ९ टक्के सीजीएसटी, ९ टक्के एसजीएसटी, मग पैसे पूर्णांकात आणायची छोटी बेरीज-वजाबाकी आणि एकूण. टिंब गळले तर गुणाकार शंभर पटीने हुकतो. 6 चा 8 झाला तरी हुकतो.

म्हणून क्रम उलटा केला. आधी बिल पीओशी ताडायचे नाही. आधी बिलाचा हिशोब बिलाशीच बसतो का ते बघायचे, पीओचा पीओशी. दोन्ही आपापल्या जागी बसले तरच एकमेकांसमोर उभे करायचे. ज्याचा हिशोब स्वतःशीच बसत नाही त्याच्याबद्दल ‘फरक आहे’ असे म्हणायचेच नाही. ‘वाचता आले नाही’ म्हणायचे आणि ओळ ताईंकडे द्यायची.

फरक आणि वाचनदोष या दोन गोष्टी एकाच लाल रंगात दाखवल्या तर आठवड्याभरात कोणी त्या लाल रंगाकडे बघणार नाही. म्हणून हे वेगळे ठेवणे मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते.

११ नोव्हेंबर

कालच्या युक्तीतले एक भोक: गुणाकाराला उलटसुलट कळत नाही. नगाच्या जागी दर आणि दराच्या जागी नग वाचला तरी रक्कम तीच येते. काही पुरवठादारांच्या बिलात दराचा रकाना नगाच्या आधी असतो, तिथे हे घडते.

म्हणून रकाने क्रमाने मोजून ठरवायचे नाहीत, मथळा बघून ठरवायचे. टेसरॅक्टच्या टीएसव्ही स्वरूपात प्रत्येक शब्दाची डावीकडची जागा मिळते. ‘Qty’ किंवा ‘Quantity’ या मथळ्याच्या खाली जो आकडा येतो तो नग, ‘Rate’ खालचा तो दर. सोबत एक साधी चाळणी लावली: एकक NOS असेल तर नग पूर्णांकच हवेत. साडेतीन बोल्ट कोणी विकत नाही.

टॅलीतून निघालेल्या काही बिलांत दराचे दोन रकाने असतात, एक करासह आणि एक कराविना. करासहचा उचलला गेला तर गुणाकार बरोबर १.१८ पटीने हुकतो. ही खूण एवढी स्वच्छ आहे की स्क्रिप्टला तेवढे ओळखून शेजारचा रकाना घ्यायला लावले.

१३ नोव्हेंबर

‘हिशोब बसतो’ म्हणजे किती बसायला हवा? एक पैशाचाही फरक नको असे म्हटले की अर्धी बिले अडकतात. रुपयाभराची सूट दिली तरी अडकतात. कारण शोधताना बोल्टचे एक बिल हाती लागले.

आमच्या पीओत छोट्या बोल्टचा दर शंभर नगांना असतो: ३१८.५० रुपये शेकडा. पुरवठादार एका नगाचा दर छापतो. तो खरे म्हणजे ३.१८५ आहे, पण त्याचे सॉफ्टवेअर दोनच दशांश छापते, म्हणून बिलावर ३.१९ दिसतो. रक्कम मात्र आतल्या खऱ्या दराने काढलेली असते. ८,००० नगांचे २५,४८०. छापील दराने गुणले तर २५,५२० येतात. चाळीस रुपयांचा फरक, आणि कोणाचीच चूक नाही.

तर सूट ठरावीक रुपयांची ठेवून चालणार नाही. दर दोन दशांशांत छापला असेल तर त्यात जास्तीत जास्त अर्ध्या पैशाची गोळाबेरीज दडलेली असू शकते, आणि ती नगांनी गुणली जाते. आठ हजार नग असतील तर चाळीस रुपये, दहा नग असतील तर पाच पैसे. सूट नगांप्रमाणे वाढली पाहिजे:

```python
from decimal import Decimal as D

def closes(qty, rate, per, amt, places=2):
    half = D(5) / D(10) ** (places + 1)
    slack = qty * half / per + D("0.01")
    return abs(qty * rate / per - amt) <= slack
```

`per` म्हणजे दर किती नगांचा आहे: १, १०० किंवा १,०००. `Decimal` मुद्दाम घेतले आहे. साध्या फ्लोटमध्ये पैशांच्या शेपटीला नको ते आकडे चिकटतात, आणि इथे तर आपण नेमकी शेपटीच तपासतो आहोत.

यातून दुसरा निर्णय निघाला. ही सूट फक्त कागदाचा हिशोब कागदाशी बसवण्यापुरती आहे. पीओशी दर ताडताना छापील दर वापरायचाच नाही. रक्कम भागिले नग करून जो दर येतो तो वापरायचा. २५,४८० भागिले ८,००० म्हणजे ३.१८५, आणि पीओतले ३१८.५० भागिले १०० म्हणजेही ३.१८५. झाले, फरक नाही. ओळीत डिस्काउंट टक्क्यांत दिलेला असतो तिथेही हाच मार्ग सोपा पडतो, कारण पीओत आम्ही निव्वळ दर लिहितो आणि बिलातली रक्कम डिस्काउंट वजा होऊनच आलेली असते. अशा ओळीचा हिशोब बसवताना डिस्काउंट धरून गुणावे लागते, एवढे लक्षात ठेवायचे.

१७ नोव्हेंबर

बिलाची कोणती ओळ पीओच्या कोणत्या ओळीची?

आमचा मालाचा कोड बिलावर असतो तेव्हा प्रश्न नाही. बहुतेक वेळा नसतो. पुरवठादार स्वतःच्या पद्धतीने नाव लिहितो: ‘HEX BOLT M10X40 8.8’, ‘Bolt Hex. 10 x 40 HT’. पहिला मोह होतो तो दोन नावांमधले साम्य टक्क्यांत मोजायचा. पण त्या मोजमापात `M10X40` आणि `M10X45` जवळजवळ एकसारखे ठरतात, आणि आमच्या दृष्टीने ते दोन वेगळे बोल्ट आहेत, दरही वेगळे. उलट ‘Hex Bolt’ आणि ‘Bolt Hex.’ मोजमापात लांब जातात, आणि माल एकच.

म्हणून नावातली मापे आधी बाजूला काढतो: व्यास, लांबी, जाडी, प्रतीचा आकडा. मापे तंतोतंत जुळायला हवीत, तिथे साम्यबिम्य काही नाही. मापे जुळली तरच उरलेल्या शब्दांचे साम्य बघायचे. एचएसएन, म्हणजे जीएसटीसाठीचा मालाच्या वर्गाचा क्रमांक, मदतीला आहे पण फार नाही. नट, बोल्ट, वॉशर सगळे ७३१८ मध्येच येतात. बोल्टची ओळ पत्र्याला चिकटू नये एवढाच त्याचा उपयोग.

दर जवळ आहे म्हणून ओळ जुळवा, अशी एक सूचना आली होती. ती घेतली नाही. आपल्याला दरच तपासायचा आहे. दराच्या आधाराने जोडी लावली तर चुकीचा दर स्वतःसाठी सोयीची जोडी शोधून घेईल.

१९ नोव्हेंबर

खरे बिल, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. पुरवठादाराचे नाव इथे लिहीत नाही.

पीओत तीन ओळी. M10X40 बोल्ट ५,००० नग, ६१२ रुपये शेकडा, रक्कम ३०,६००. M8X25 बोल्ट ८,००० नग, ३१८.५० शेकडा, रक्कम २५,४८०. M8 नायलॉक नट ८,००० नग, १४२ शेकडा, रक्कम ११,३६०. बेरीज ६७,४४०. तिन्ही गुणाकार बसतात, बेरीजही बसते. पीओचे वाचन पक्के.

बिलातही तीनच ओळी, पण पहिल्या ओळीत नग ‘5.000’ आणि दर ‘6,120.00’. डोळ्यांनी बघणारा इथे दचकतो: पाच हजार मागवले, पाचच आले? शेजारच्या एककाच्या रकान्यात THD आहे. जीएसटीच्या एककांच्या यादीत THD म्हणजे हजार. पाच हजारी, दर हजाराला ६,१२० रुपये, रक्कम ३०,६००. एकक नगावर आणले की पीओशी नग जुळतात आणि दरही. पुढच्या दोन ओळी मात्र NOS मध्ये. एकाच बिलात दोन एकके, असे का, ते तोच जाणे. एकक संपूर्ण बिलाचे नसते, ओळीचे असते, हे स्क्रिप्टमध्ये आधीपासून होते म्हणून इथे अडचण आली नाही.

दुसरी ओळ परवाचीच: ३.१९ छापलेले, रक्कम २५,४८०. सुटीत बसते, रकमेवरून काढलेला दर पीओशी जुळतो.

तिसरी ओळ: ८,००० नग, दर १.५२, रक्कम १२,१६०. पीओप्रमाणे नगाला १.४२ हवे.

4 आणि 5 मधली गल्लत ओसीआरला नवी नाही, त्यामुळे पहिला संशय वाचनावर. पण ८,००० गुणिले १.५२ म्हणजे १२,१६० बरोबर येतात. १.४२ असते तर ११,३६० आले असते, म्हणजे आठशेचा फरक, आणि सूट चाळीसचीच आहे. आता दर आणि रक्कम दोन्ही एकमेकांना साजेशी चुकीची वाचली गेली असतील का? ते बघायला खाली जायचे. ३०,६०० अधिक २५,४८० अधिक १२,१६० म्हणजे ६८,२४०, बिलावरही करपात्र रक्कम तीच. त्याचे ९ टक्के ६,१४१.६०, दोनदा. एकूण ८०,५२३.२०, वीस पैसे वजा करून ८०,५२३. बिलावर शेवटी हाच आकडा आहे. वाचन चुकले असते तर एवढ्या सगळ्या ठिकाणी मिळून चुकावे लागले असते. तेव्हा पुरवठादाराने १.५२ च लावला आहे.

पीओप्रमाणे बिल ७९,५७९ व्हायला हवे होते. फरक ९४४ रुपये: आठशे मालाचे, एकशे चव्वेचाळीस कराचे.

ताईंना हे दाखवले. त्या म्हणाल्या, “एकूण रक्कम बघून मला काही कळलंच नसतं. ऐंशी हजाराच्या बिलात हजार इकडेतिकडे झाले तर डोळा थांबत नाही.”

२१ नोव्हेंबर

पर्चेसच्या दादांचा पहिला प्रश्न रास्त होता: “हा पीओ कितवा आहे? मूळ की सुधारित?” स्क्रीनशॉट खालच्या तक्त्यापुरताच कापलेला होता, वरचा भाग नव्हता. त्यांनी सॉफ्टवेअर उघडून बघितले. पीओची एक सुधारणा निघालेली आहे, पण तिच्यात फक्त माल पोचवायची तारीख बदलली आहे. दर तोच. पुरवठादाराने दिवाळीनंतर नटचा भाव वाढवून मागितला होता आणि दादांनी नाही म्हटले होते. त्याच्या संगणकात मात्र नवा भाव चढला असावा.

दादांनी फोन केला. “भाऊ, नटचं आपलं ठरलेलं नाही. एक रुपया बेचाळीसनं पीओ आहे.” समोरून फार वाद झाला नाही.

दुरुस्ती कशी करायची, यावर अकाउंट्समध्ये थोडी चर्चा झाली. आपणच ९४४ ची डेबिट नोट काढायची पद्धत इथे रुळलेली आहे. पण इथे बिलावरच जास्त दर चढला आहे आणि कर जास्त लागला आहे. सीजीएसटी कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे अशा वेळी पुरवठादाराने क्रेडिट नोट काढायची असते, ८०० मालाचे आणि १४४ कराचे. तेव्हाच त्याचा कर कमी होतो आणि आपणही इनपुट क्रेडिट तेवढे कमी घेतो. क्रेडिट नोट मागवली आहे.

स्क्रिप्टमध्ये आजचा बदल: पीओच्या चित्रात पीओ क्रमांक, सुधारणेचा क्रमांक आणि तारीख दिसली नाही तर जुळवणी सुरूच करायची नाही. कापलेले चित्र परत. पर्चेसमधल्या पोरांनी कुरकुर केली. पण मूळ पीओचे चित्र घेऊन सुधारित दराचे बिल अडवले तर पुरवठादारासमोर आपलीच शोभा होते.

२५ नोव्हेंबर

नगांची बाजू दरापेक्षा अवघड आहे. दर एका बिलात पूर्ण तपासता येतो. नग येत नाहीत.

उदाहरण पत्र्याचे. पीओ २,००० किलो सीआरसीए पत्र्याचा, दर ६८.५० किलोला. पीओतच लिहिले आहे की वजन २ टक्के वर गेले तर चालेल, म्हणजे २,०४० पर्यंत. पहिले बिल १,१८५ किलोचे आले. पीओपेक्षा कमी, मंजूर. आज दुसरे बिल ८६५ किलोचे. हेही पीओपेक्षा कमीच. दोन चित्रे शेजारी ठेवून बघणाऱ्याला काही खटकणार नाही. पण दोन्ही मिळून २,०५० होतात, सुटीच्या वर १० किलो, ६८५ रुपये अधिक कर.

म्हणजे पीओच्या स्क्रीनवरचा आकडा ताडायचाच नाही. त्यातून आजवर बिल झालेले वजा करून जे उरते ते ताडायचे. त्यासाठी छोटी नोंदवही लागते: पीओ क्रमांक, ओळ, बिल क्रमांक, किती बिल झाले. आमच्या सॉफ्टवेअरच्या स्क्रीनवर ‘बाकी’चा रकाना आहे, पण तो स्टोअरने माल जमा केला की कमी होतो, बिल आले की नाही. माल आला आणि बिल मागून आले तर बाकी आधीच शून्य दिसते आणि बिल उगाच जास्तीचे वाटते. म्हणून त्या रकान्यावर विसंबलो नाही, नोंदवही आपली ठेवली.

नोंदवहीमुळे आणखी एक गोष्ट पकडता येते. एकच बिल ग्रुपवर दोनदा येते: एकदा पुरवठादाराकडून, एकदा ड्रायव्हरने काढलेल्या फोटोतून. चित्रे वेगळी, बिल तेच. पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक आणि आर्थिक वर्ष हे तिन्ही जुळले तर दुसरे चित्र बाजूला. बिल क्रमांक एकटा पुरत नाही, कारण एप्रिलमध्ये बऱ्याच जणांचे क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतात.

संध्याकाळी स्टोअरच्या काकांकडे गेलो. त्यांच्याकडे दुसऱ्या गाडीची काट्याची पावती ८६० किलोची आहे. बिल ८६५ चे. पाच किलो कमी का? काका हसले. “अरे, तो काटाच पाचापाचानं सरकतो. भरलेली गाडी एकदा, रिकामी एकदा. पाच किलोवरून भांडायला गेलास तर तो काट्याकडं बोट दाखवेल.” खरे आहे. काट्याच्या सगळ्यात लहान घराएवढा किंवा त्याहून बारीक फरक त्या काट्यावरून सिद्ध करता येत नाही. पत्र्यासाठी आलेला माल आणि बिल यांतली सूट काट्याच्या एका घराएवढी ठेवली. मोजून घ्यायच्या मालाला सूट नाही.

आणि एक मर्यादा इथेच लिहून ठेवतो. बिल आणि पीओ तंतोतंत जुळले म्हणून माल आला असे होत नाही. तिसरा कागद स्टोअरचा. या स्क्रिप्टच्या ‘जुळले’ या शिक्क्यावर पैसे सुटू नयेत, स्टोअरचा जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, हवाच. वरच्या १० किलोंचे काय करायचे ते दादा ठरवतील. पत्रा तर आत आला आहे, परत पाठवायचे भाडेच जास्त होईल.

२७ नोव्हेंबर

काही बिलांवर क्यूआर कोड असतो. ज्यांची उलाढाल पाच कोटींच्या वर आहे त्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस बंधनकारक आहे, हा कोड त्याचाच. स्क्रीनशॉटमध्ये तो पूर्ण आला असेल आणि दाबला गेलेला नसेल तर वाचता येतो. आत विक्रेत्याचा आणि खरेदीदाराचा जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, तारीख, एकूण रक्कम, ओळींची संख्या आणि मुख्य मालाचा एचएसएन असतो.

ऐकून वाटते की आता ओसीआर कशाला. पण ओळींचे नग आणि दर त्यात नाहीत, आणि आपल्याला तेच हवेत. तरी `TotInvVal` आणि `ItemCnt` ही दोन घरे कामाची निघाली. पहिल्याने एकूण रकमेचे वाचन पक्के होते. दुसऱ्याने ओळ सुटली का ते कळते. दोन पानी बिलाचे एकच पान स्क्रीनशॉटमध्ये येते तेव्हा बेरीज बसत नाही आणि कारण समजत नाही. क्यूआर म्हणतो नऊ ओळी, चित्रात सहा, म्हणजे दुसरे पान मागवायचे.

छोट्या पुरवठादारांच्या बिलांवर क्यूआर नसतो, आणि आमचे निम्म्याहून जास्त पुरवठादार छोटेच आहेत. म्हणून हा जोडआधार आहे, पाया गुणाकाराचाच.

२ डिसेंबर

ताईंच्या संगणकावर बसवले. प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक शब्द येतो: ‘जुळले’, ‘फरक’ किंवा ‘वाचता आले नाही’. ‘फरक’ असेल तर शेजारी पीओचा आकडा, बिलाचा आकडा आणि रुपयांतला फरक, आणि दोन्ही चित्रांतून तेवढ्याच ओळीचे कापलेले तुकडे. ताईंना चित्राचा तुकडा हवाच होता. छापील निकालावर विश्वास ठेवायला त्या तयार नाहीत, आणि ठेवूही नये.

‘वाचता आले नाही’ च्या ओळी अजून बऱ्याच येतात, मुख्यतः ड्रायव्हरने काढलेल्या फोटोंच्या. तिथे ताई आकडा हाताने भरतात आणि हाताने भरलेला आकडाही त्याच गुणाकारातून जातो. माणसाची बोटेही टिंब गाळतात.

मालकांनी विचारले, निकाल किती दिवसांत हवा? मी म्हटले त्याच दिवशी, आणि कारण सांगितले. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाबद्दल हरकत असेल तर ती माल मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत लेखी कळवावी लागते, नाहीतर माल स्वीकारला असेच धरले जाते. पैसे द्यायची मुदत, करार काहीही असो, ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. महिनाअखेरीस सगळी बिले एकदम ताडायची आमची जुनी पद्धत होती. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आलेल्या मालाची हरकत घ्यायची वेळ तोवर टळून गेलेली असायची.

नटची क्रेडिट नोट आज आली. ८०० आणि १४४, बरोबर. क्रेडिट नोटेचाही स्क्रीनशॉटच आला आहे, आणि स्क्रिप्टने तो बिल समजून ‘पीओपेक्षा जास्त नग’ असे दाखवले. उद्याचे काम: चित्राच्या वरच्या भागात ‘Credit Note’ शब्द आला तर ती रक्कम मूळ बिलातून वजा करायची, आणि नोंदवहीतल्या नगांना हात लावायचा नाही.